चार कोअर, तीन जीबी आणि एक बंद स्विच

दहा-बारा हजारांच्या फोनवर सुरळीत चालणारी गेम त्याहून दुप्पट-तिप्पट किमतीच्या लॅपटॉपवर अडखळते, हे पाहून पुष्कळजण चक्रावतात. मोठा स्क्रीन आहे, कीबोर्ड-माऊस आहे, प्रोसेसरही कागदावर तगडा आहे. तरी निशाणा साधायच्या नेमक्या क्षणी चित्र थिजतं. मग बहुतेकजण एकच उपाय करतात. एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये जायचं आणि जे जे वाढवता येतं ते शेवटच्या टोकापर्यंत न्यायचं. यामुळे गेम सुधारत तर नाहीच, पुष्कळदा आणखी बिघडते. असं का होतं, हे एकदा समजलं की सेटिंग लावायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागत नाही.

एम्युलेटर काय करतो ते आधी पाहू. ब्लूस्टॅक्स, एलडीप्लेअर, नॉक्स यांसारखे एम्युलेटर विंडोजच्या आत एक अख्खा अँड्रॉइड फोन उभा करतात. त्या फोनला स्वतःचा प्रोसेसर हवा, स्वतःची मेमरी हवी, चित्र काढणारी यंत्रणा हवी. यातलं काहीच खरं अस्तित्वात नसतं. सगळं तुमच्या लॅपटॉपकडून उसनं घ्यावं लागतं. त्यात आणखी एक अडचण आहे. फोनमधले प्रोसेसर एआरएम जातीचे असतात आणि बहुतेक गेम त्यांच्यासाठीच तयार होतात. लॅपटॉपमधले इंटेल आणि एएमडी प्रोसेसर वेगळ्या जातीचे, त्यांच्या सूचनांचा संच वेगळा. त्यामुळे गेम एआरएमसाठीच बनलेली असेल, तर तिच्या सूचना चालता चालता बदलून घ्याव्या लागतात. फोनला न करावं लागणारं हे काम लॅपटॉपला प्रत्येक सेकंदाला करावं लागतं. ताकद जास्त असूनही तो मागे पडतो तो इथे.

आता एक ठोस उदाहरण घेऊ. कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप हल्ली दुरुस्त होऊन बाजारात सर्रास मिळतात आणि कॉलेजातल्या मुलांच्या हाती तेच जास्त दिसतात. त्यांतला एक ठरलेला प्रोसेसर म्हणजे इंटेलचा i5-8250U. यात ४ खरे कोअर आहेत आणि प्रत्येक कोअर एकाच वेळी दोन कामं सांभाळतो, म्हणून विंडोजला ते ८ दिसतात. सोबत ८ जीबी रॅम, एसएसडी आणि प्रोसेसरच्याच आतली UHD 620 ही चित्रयंत्रणा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. बारावीतला एक मुलगा असाच लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला होता. ब्लूस्टॅक्सवर फ्री फायर मॅक्स खेळायची होती. त्याचं पहिलंच वाक्य होतं, "काका, आठच्या आठ कोअर दिलेत, सहा जीबी रॅम दिलीय, तरी अडकतंय." त्याच्या या एका वाक्यात सगळं निदान होतं, पण आम्ही सुरुवात दुसरीकडून केली.

सगळ्यांत आधी पाहायचं ते व्हर्च्युअलायझेशन चालू आहे की नाही. Ctrl, Shift आणि Esc एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात Performance वर जाऊन CPU निवडा. आलेखाच्या खाली बारीक अक्षरांत Virtualization अशी ओळ असते आणि तिच्यापुढे Enabled किंवा Disabled लिहिलेलं असतं. या एका शब्दावर बाकीचं सगळं अवलंबून आहे. प्रोसेसरमध्येच पाहुण्या यंत्रणेसाठी वेगळी सोय केलेली असते. इंटेलने ती २००५ मध्ये आणली, एएमडीने २००६ मध्ये. ही सोय चालू असली, तर एम्युलेटरमधल्या अँड्रॉइडच्या सूचना थेट प्रोसेसरवर चालतात आणि विंडोजला धक्का लागत नाही. बंद असली, तर प्रत्येक नाजूक सूचना सॉफ्टवेअरने अडवून, तपासून, बदलून पुढे द्यावी लागते. मग एम्युलेटर एकतर सुरूच होत नाही किंवा इतका संथ चालतो की गेमचं नावच काढायला नको.

त्या मुलाच्या लॅपटॉपवर Disabled होतं. हा स्विच विंडोजमध्ये नसतो, लॅपटॉपच्या बायोसमध्ये असतो. तिथे जायची सोपी वाट अशी: स्टार्ट मेनूतून Restart करताना Shift दाबून धरा. निळा स्क्रीन येईल. त्यात Troubleshoot, मग Advanced options, मग UEFI Firmware Settings. किंवा मशीन सुरू होताच ठरावीक बटण दाबा. डेल, एसर आणि आसुसच्या लॅपटॉपवर ते बहुधा F2 असतं, एचपीवर F10, थिंकपॅडवर F1, आणि जुळवलेल्या डेस्कटॉपवर बहुतेक वेळा Del. आत गेल्यावर इंटेलच्या मशीनवर Intel Virtualization Technology किंवा VT-x शोधायचं. एएमडीच्या मशीनवर त्याचं नाव SVM Mode असतं आणि ते प्रोसेसरच्या प्रगत सेटिंगमध्ये कुठेतरी आत दडलेलं असतं. त्याच्या शेजारी VT-d नावाची आणखी एक गोष्ट दिसते. ती वेगळी. एम्युलेटरला तिची गरज नाही, तिला हात लावू नका. बदल जतन करून बाहेर पडलात की मशीन एकदा पूर्ण बंद करून मग सुरू करा. काही मशीनवर नुसत्या रीस्टार्टने हा बदल लागू होत नाही.

बायोसमध्ये शिरण्याआधी दोन गोष्टींची खातरजमा करून घ्या, आणि इथे मी आग्रहाने सांगतो. पहिली गोष्ट बिटलॉकरची. विंडोज ११ असलेल्या पुष्कळ लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. बायोसमध्ये बदल झाला की विंडोज कधी कधी सुरू होताना ४८ आकडी किल्ली मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात account.microsoft.com/devices/recoverykey या पानावर सापडते. आधी ती कागदावर उतरवून ठेवा. दुसरी गोष्ट वापरलेल्या लॅपटॉपची. कंपनीने बायोसला पासवर्ड लावलेला असतो आणि काही वेळा तो न काढताच मशीन विकलं जातं. अशा मशीनवर स्विच डोळ्यांना दिसतो, पण बदलता येत नाही. म्हणून विकत घेतानाच दुकानदारासमोर बायोस उघडून पाहावा आणि पासवर्ड असेल तर तो त्याच्याकडूनच काढून घ्यावा.

स्विच चालू करूनही एम्युलेटर रडत असेल, तर एक दुसरं कारण संभवतं. विंडोजमध्ये हायपर-व्ही नावाची स्वतःची व्हर्च्युअलायझेशनची यंत्रणा आहे. ती चालू असली की प्रोसेसरची ती खास सोय तिच्या ताब्यात जाते. मग एम्युलेटरला थेट प्रोसेसरकडे जाता येत नाही, विंडोजच्या मार्फतच जावं लागतं. ब्लूस्टॅक्सच्या आजच्या आवृत्त्यांना हे जमतं, गूगल प्ले गेम्स तर याच मार्गाने चालतं, पण काही एम्युलेटर अजून अडून बसतात किंवा हळू पडतात. हायपर-व्ही चालू आहे का ते पाहायला Windows आणि R दाबून हे टाइप करा:

```
msinfo32
```

उघडलेल्या यादीच्या तळाशी A hypervisor has been detected असं वाक्य दिसलं, की ती चालू आहे. विंडोज ११ मध्ये ती तुम्ही चालू केलेली नसली तरी चालू असू शकते, कारण Memory integrity नावाचं सुरक्षाकवच तिच्याच आधारावर उभं असतं. गेमसाठी ते बंद करा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. मला तो पटत नाही. घातक ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात शिरू नये यासाठी ते कवच आहे. ज्या लॅपटॉपवर घरातले बँकेचे व्यवहार होतात, त्यावर ते काढून पाच-दहा फ्रेम कमावण्यात शहाणपण नाही. त्यापेक्षा हायपर-व्हीसोबत नांदणारा एम्युलेटर निवडावा.

आता कोअरकडे वळू. ब्लूस्टॅक्सच्या सेटिंगमध्ये Performance या भागात CPU allocation आणि Memory allocation अशी दोन खाणी असतात. कोअरसाठी Low म्हणजे १, Medium म्हणजे २ आणि High म्हणजे ४, शिवाय Custom मध्ये आपल्याला हवा तो आकडा देता येतो. त्या मुलाने Custom मध्ये जाऊन ८ दिले होते.

आठ दिल्यावर अडचण कुठे येते? गेम फक्त अँड्रॉइडच्या आत चालत नाही. चित्र काढायच्या ज्या आज्ञा गेम देते त्या अँड्रॉइडच्या भाषेत असतात. त्या लॅपटॉपच्या ग्राफिक्सला कळतील अशा करण्याचं काम एम्युलेटरचा विंडोजमधला भाग करतो. आवाज, माऊस आणि कीबोर्डचे इशारे, स्क्रीनवर खिडकी रंगवणं ही कामंसुद्धा विंडोजच्या बाजूला होतात. आठही कोअर अँड्रॉइडला दिले की ही कामं त्याच कोअरवर अँड्रॉइडशी धक्काबुक्की करत बसतात. गेमचं चित्र आत वेळेवर तयार होतं, पण बाहेर काढणारा हात मोकळा नसतो.

याहून खोल कारण अँड्रॉइडच्या आत आहे. अँड्रॉइडला वाटतं, आपल्याकडे आठ खरेखुरे कोअर आहेत. प्रत्यक्षात कुठल्या क्षणी कुणाला चालू द्यायचं आणि कुणाला थांबवायचं हे विंडोज ठरवतं. अँड्रॉइडमधली काही कामं अशी असतात की ती एका वेळी एकानेच करायची. खोलीची एकच किल्ली असावी आणि ज्याच्या हाती ती आहे त्यालाच आत जाता यावं, तसा हा प्रकार. समजा किल्ली हाती असलेल्या कोअरलाच विंडोजने मध्ये थांबवलं, तर बाकीचे सात दाराशी ताटकळतात, आणि ताटकळतानाही प्रोसेसर खात राहतात. हे थांबणं काही मिलिसेकंदांचं असतं. पण सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंदच येतात. त्यातले दहा इथे गेले की ते चित्र वेळेवर येत नाही, आणि डोळ्याला झटका जाणवतो. दिलेले कोअर जितके जास्त आणि खरे कोअर जितके कमी, तितकी अशा ताटकळण्याची शक्यता वाढते.

म्हणून मी पाळतो तो नियम साधा आहे. एम्युलेटरला खऱ्या कोअरच्या संख्येपेक्षा जास्त कधीच द्यायचे नाहीत. टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर Cores आणि Logical processors असे दोन वेगळे आकडे दिसतात. त्यांतला पहिला खरा. या लॅपटॉपवर तो ४ आहे, म्हणून ४ ही कमाल मर्यादा. विंडोजच्या कामांना मग उरलेली निम्मी जागा मिळते. दोनच खरे कोअर असलेल्या मशीनवर २ द्या. सहा किंवा आठ खरे कोअर असले, तरी चारावर थांबायला हरकत नाही, कारण गेमचं मुख्य ओझं एक-दोन धाग्यांवरच असतं आणि ते वाटून घेता येत नाही. अशा गेमला कोअरच्या संख्येपेक्षा एकेका कोअरचा वेग जास्त उपयोगी पडतो.

मेमरीचा हिशेब याहून सोपा आहे, पण लोक चुकतात तो इथेच जास्त. आठ जीबीच्या लॅपटॉपवर विंडोज, अँटिव्हायरस आणि मागे चालणाऱ्या बारीकसारीक गोष्टी मिळून तीन ते साडेतीन जीबी सहज खातात. UHD 620 ला स्वतःची मेमरी नसते, तीही याच आठातून घेते. एम्युलेटरला तुम्ही जो आकडा देता तो आतल्या अँड्रॉइडचा असतो. बाहेरचं चित्र काढण्याचं काम करणाऱ्या भागाला आणखी पाच-सातशे एमबी तरी लागतात. सहा जीबी दिले, की बेरीज आठाच्या बाहेर जाते. मग विंडोज रॅममधल्या काही गोष्टी उचलून डिस्कवर ठेवतं आणि लागतील तशा परत आणतं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर अशी एक फेरी साधारण दहा मिलिसेकंदांची होते. म्हणजे दोन फेऱ्या झाल्या की एक फ्रेम गेलीच. एसएसडीवर हे पुष्कळ लवकर होतं, पण गेमच्या भर धुमश्चक्रीत तेही जाणवतं.

कमी मेमरी दिली तर वेगळाच त्रास होतो. एक जीबी दिलं की अँड्रॉइडची स्वतःची व्यवस्था जागी होते आणि मेमरी मोकळी करण्यासाठी ॲप बंद करत सुटते. त्यात शेवटी गेमचाही नंबर लागतो. म्हणून लक्षणावरून आकडा कुठल्या बाजूला चुकलाय ते ओळखता येतं. गेम काही न सांगता अचानक बंद होऊन अँड्रॉइडच्या मुख्य पडद्यावर येत असाल, तर मेमरी कमी पडते आहे. गेम चालू राहते पण मधूनमधून अर्धा सेकंद थिजते आणि त्याच वेळी टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आलेख उसळतो, तर जास्त दिली गेली आहे. खात्री करायची असेल तर Windows आणि R दाबून `resmon` टाइप करा, Memory वर जा आणि Hard Faults/sec हा आलेख गेम चालू असताना पाहा. तो जवळजवळ सपाट राहायला हवा. सतत डोंगर उभे राहत असतील, तर डिस्कवर फेऱ्या चालू आहेत.

आम्ही Custom मध्ये 3072 एमबी, म्हणजे तीन जीबी दिले. आठ जीबीच्या मशीनवर मी इथून सुरुवात करतो. ब्राऊझर बंद ठेवायची तयारी असेल, तर चार जीबीही चालतात. पण दहा टॅब उघडे ठेवून खेळायचं असेल, तर नाही. सोळा जीबीच्या मशीनवर चार जीबी बिनधास्त द्यावेत. त्याहून जास्त दिल्याने एका गेमला फायदा झालेला मी पाहिलेला नाही.

चित्राच्या सेटिंगबद्दल थोडक्यात. UHD 620 सारख्या ग्राफिक्सवर 1920 x 1080 ठेवणं म्हणजे 1280 x 720 च्या सव्वादोन पट ठिपके दर फ्रेमला रंगवायला लावणं. गेमची खिडकी पंधरा इंचांच्या पडद्यावर असेल, तर हा फरक डोळ्यांना फारसा कळत नाही, पण ग्राफिक्सला कळतो. 1280 x 720 ठेवा. Graphics renderer मध्ये DirectX, OpenGL आणि Vulkan यांपैकी कुठला बरा चालेल ते ड्रायव्हरवर ठरतं, म्हणून आळीपाळीने लावून पाहण्याला पर्याय नाही. लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, तर ते वापरण्याचा पर्याय सेटिंगमध्ये निवडला आहे ना, ते नक्की पाहा. कित्येकदा महागडं कार्ड आरामात बसलेलं असतं आणि गेम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालत असते.

आता बदल पाहायचे कसे? Performance मध्येच Display FPS during gameplay हा पर्याय चालू करा. कोपऱ्यात आकडा दिसू लागतो. पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका. तो साधारण सरासरीसारखा असतो. ६० दिसत असतानाही दर दोन सेकंदांनी एक फ्रेम हुकत असेल, तर आकडा जेमतेम एकाने हलतो, पण हाताला ते लगेच कळतं. याउलट सलग ४० फ्रेम एकसारख्या येत असतील, तर खेळायला त्या मागेपुढे होणाऱ्या साठांपेक्षा चांगल्या लागतात. म्हणून माझा सल्ला असा की, ज्या मशीनला ६० झेपत नाहीत तिथे मर्यादा ३० वर किंवा ४० वर बांधावी. एका वेळी एकच सेटिंग बदला, एम्युलेटर बंद करून पुन्हा सुरू करा आणि दोन डाव खेळा. निकाल दुसऱ्या डावावरून लावा. पहिल्या डावात गेम प्रत्येक नवी जागा, नवा स्फोट, नवी बंदूक पहिल्यांदा रंगवते. त्यासाठीचे छोटे चित्रकाम-कार्यक्रम तेव्हाच लॅपटॉपच्या ग्राफिक्ससाठी तयार होतात, आणि म्हणून झटके बसतात. ते एकदा साठवले गेले की पुढच्या डावात तेच झटके नाहीसे होतात. पहिल्याच डावानंतर सेटिंग बदलत बसलात, तर कशाचा परिणाम काय झाला हे कधीच कळणार नाही.

त्या मुलाच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलायझेशन चालू केलं, ८ चे ४ कोअर केले, ६ जीबीचे ३ केले आणि पडदा 1280 x 720 वर आणला. दुसऱ्या डावात चित्र गुळगुळीत होतं. तो खूश होऊन खेळत राहिला आणि पंधराएक मिनिटांनी म्हणाला, "काका, आता पुन्हा सुरू झालं." हा वेगळा आजार होता. i5-8250U हा १५ वॅटचा प्रोसेसर आहे. त्याचा मूळ वेग १.६ गीगाहर्ट्झ. थंड असताना तो ३.४ पर्यंत उडी मारतो, पण ती उडी टिकत नाही. तापला की वेग खाली येतो. त्यात ग्राफिक्सही त्याच चिपमध्ये, म्हणजे तीच वीज आणि तोच पंखा दोघांत वाटून घ्यायचा. टास्क मॅनेजरमध्ये CPU च्या पानावर Speed चा आकडा सुरुवातीला तीनच्या आसपास होता, तो आता दोनच्या खाली गेला होता. लक्षण अगदी स्वच्छ. गेम पहिली दहा मिनिटं चांगली आणि नंतर बिघडते, तेव्हा कारण उष्णता असतं आणि त्यावर एम्युलेटरमध्ये औषध नाही. आम्ही चार्जर लावला, Power मध्ये Best performance निवडलं, लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर ठेवला, मागची बाजू दोन बोटं वर केली. फ्रेमची मर्यादा ६० वरून ४० वर आणली. यातला शेवटचा उपाय सगळ्यांत जास्त लागू पडला, कारण कमी फ्रेम म्हणजे कमी काम आणि कमी उष्णता. जुन्या लॅपटॉपचा पंखा वर्षानुवर्षं साफ झालेला नसतो, तो उघडून साफ करून घेतला तर त्याचाही फरक पडतो.

आणखी एक प्रकारचं अडकणं आहे, त्याला यातलं काहीच लागू नाही. चित्र गुळगुळीत सरकतं, तुमचा खेळाडू नीट पळतो, पण समोरचे खेळाडू उड्या मारत इकडून तिकडे जातात, किंवा गोळी लागलेली उशिरा कळते. हा इंटरनेटचा प्रश्न. कोअर आणि रॅम बदलून त्यात काही होणार नाही. वायफायऐवजी केबल लावून पाहा.

गेमच्या नियमांबद्दलही सांगायला हवं. सगळ्याच गेम एम्युलेटर चालू देत नाहीत. काही गेम तो ओळखतात आणि सुरूच होत नाहीत, काहींच्या नियमांत तो वापरल्यास खातं बंद होऊ शकतं. पब्जी मोबाईल एम्युलेटरवाल्यांना एम्युलेटरवाल्यांशीच खेळायला लावते, कारण माऊसने नेम धरणं बोटापेक्षा सोपं असतं. ज्या गेमवर तुम्ही वेळ आणि पैसे खर्च केले आहेत, तिचे नियम आधी वाचा. एम्युलेटर ओळखू येऊ नये म्हणून मिळणारे जुगाड टाळा, आणि एम्युलेटर फक्त त्याच्या अधिकृत जागेवरूनच उतरवा. फुकटच्या बदललेल्या प्रतींमध्ये काय काय भरलेलं असतं, हे सांगता येत नाही.

काही मशीनवर कितीही सेटिंग केल्या तरी उपयोग नसतो, हेही मान्य करायला हवं. ४ जीबी रॅम, दोन कोअर आणि फिरती हार्ड डिस्क असेल, तर जड गेमसाठी एम्युलेटरच्या नादी लागू नका. गूगल प्ले गेम्स ही गूगलची स्वतःची सोयसुद्धा ८ जीबी रॅम, ४ खरे कोअर आणि एसएसडी यांच्या खाली उतरत नाही. पैसे खर्च करायचेच असतील, तर आधी टास्क मॅनेजरमध्ये Memory चं पान उघडा आणि Slots used ही ओळ वाचा. तिथे 1 of 2 असं दिसलं, तर रॅमची एक खाच रिकामी आहे. तिच्यात आधीच्याच जातीची आणि वेगाची ८ जीबीची पट्टी बसवली, तर मेमरी दुप्पट होते. शिवाय दोन पट्ट्या एकत्र चालल्याने रॅममधून माहिती येण्याचा मार्ग रुंदावतो, आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला त्याचा थेट फायदा मिळतो. स्वतःची मेमरी नसलेल्या UHD 620 ला दुसरं कुठलंही सेटिंग इतकं देत नाही. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते आणि वाढवता येत नाही, म्हणून पट्टी विकत घेण्याआधी ती ओळ स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.